इंटरव्ह्यूच्या सकाळी आवडत्या माणसाला ‘ऑल द बेस्ट’: मेसेज कधी पाठवायचा, काय लिहायचं, काय अजिबात नाही

मी पुण्यात इंटरव्ह्यूचा सराव करून घेते. खऱ्या इंटरव्ह्यूच्या दिवशीही काही जण निघण्यापूर्वी अर्धा तास येऊन बसतात, शेवटची उजळणी करून जातात. एकदा एक मुलगी अशीच आली आणि फाइल उघडायच्या आधी फोन माझ्यासमोर धरून म्हणाली, “मॅम, ‘जाऊन ये, मग तुला एक सांगायचंय’ याचा अर्थ काय असेल?” पाठवणारा तिलाही आवडत होता. त्याला फक्त शुभेच्छा द्यायच्या होत्या आणि जमलंच तर थोडी छेड काढायची होती. तिचा तो अर्धा तास मात्र त्या एका वाक्यात गेला.

अशा मेसेजमध्ये बहुतेकांची चूक शब्दांची नसते. इंटरव्ह्यूची सकाळ ही आपल्यासाठी चालून आलेली संधी आहे असं त्यांना वाटतं. खरं तर त्या सकाळी समोरच्याच्या डोक्यात एकही नवा प्रश्न जाता कामा नये. गोड वाटेल, पण विचार करायला लावणार नाही, असा मेसेज हवा. खालचे टप्पे ह्याच क्रमाने घ्या. बरेच जण थेट ओळी लिहायला बसतात, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

टप्पा १: हा मेसेज आपण पाठवायचा का, ते आधी ठरवा

पहिला प्रश्न: इंटरव्ह्यूचं तुम्हाला कुणी सांगितलं? त्यानेच किंवा तिनेच सांगितलं असेल तर पुढे चला. मित्राकडून कानावर आलं असेल तर थांबा. नोकरी करणारी माणसं दुसरीकडचा इंटरव्ह्यू लपवून देतात, आजारपणाची रजा टाकून जातात. अशा सकाळी अनपेक्षित नंबरावरून ‘ऑल द बेस्ट’ आलं, की पहिला विचार येतो तो ‘ह्याला कसं कळलं? आणखी कुणाला कळलंय?’ हाच. तुमची छेड राहते बाजूला.

दुसरा प्रश्न: तुमच्यात थट्टामस्करी आधीपासून चालते का? मागच्या पंधरा दिवसांचं चॅट वर सरकवून बघा. तुम्ही काढलेली खोडी समोरून परत आली आहे का? की प्रत्येक वेळी नुसता हसरा चेहरा आणि विषय बदल? खोडी परत येत असेल तर ह्या मेसेजमध्ये तेवढीच चालेल, तसूभरही जास्त नाही. येत नसेल तर साध्या शुभेच्छा द्या, त्याही पोचतात. फ्लर्टिंगचा श्रीगणेशा इंटरव्ह्यूच्या सकाळी करू नका.

*सावध:* तुम्ही त्या व्यक्तीचे वरिष्ठ असाल, किंवा ज्या कंपनीत इंटरव्ह्यू आहे तिथेच काम करत असाल आणि निवडीत तुमचा शब्द चालत असेल, तर ह्या मेसेजमध्ये छेडछाड नकोच. तिला हसून उत्तर द्यावंच लागेल, आणि ते हसू खरं आहे की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

टप्पा २: तीन गोष्टी माहीत करून घ्या

इंटरव्ह्यू प्रत्यक्ष आहे की ऑनलाइन, पोचायची वेळ काय आणि घरून किती वाजता निघायचंय. हे आदल्या दिवशीच्या गप्पांतच विचारून घ्या. सकाळी ‘किती वाजता आहे गं?’ असं विचारलंत, तर आदल्या दिवशी तिने सांगितलेलं तुम्ही ऐकलंच नव्हतं हे उघड होतं.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. इंटरव्ह्यूची वेळ वेगळी आणि फोन हातातून सुटण्याची वेळ वेगळी. आपल्याला दुसरी लागते. चाकण-रांजणगावच्या बऱ्याच कारखान्यांत गेटवर पास बनतो, मोबाइल सिक्युरिटीकडे जमा होतो किंवा कॅमेऱ्यावर स्टिकर लागतो. लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीला तर फोन आत नेताच येत नाही. गेटनंतर पाठवलेला मेसेज थेट दुपारी दिसतो, सगळं आटोपल्यावर.

ऑनलाइन इंटरव्ह्यूचा धोका ह्याच्या उलट आहे. तिथे मेसेज नको तितका दिसतो. टेक्निकल राउंडला उमेदवाराला स्क्रीन शेअर करायला सांगतात, आणि पुष्कळांच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडंच असतं. पूर्ण स्क्रीन शेअर केलेली असेल तर कोपऱ्यात तुमचं नाव, तुमचा डीपी आणि मेसेजची पहिली ओळ पॅनललाही दिसते. एका मुलाच्या बाबतीत हे झालेलं मला माहीत आहे. पॅनलमधल्या बाईंनी हसून सोडून दिलं, पण तो पुढची पाच मिनिटं अडखळत होता. ऑनलाइन असेल तर इंटरव्ह्यूआधीच्या शेवटच्या तासात काहीही पाठवायचं नाही, ही मर्यादा पक्की धरा. त्या तासात उमेदवार लॅपटॉप लावून, लिंक उघडून, आवाज तपासत बसलेला असतो.

टप्पा ३: वेळ उलटी मोजा

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. नावं बदललेली आहेत. मुक्ता बँकेत आहे, कॉमर्सची. निनाद डिझाइन इंजिनीअर, भोसरीतल्या एका लहान युनिटमध्ये. ओळख रविवारच्या जर्मनच्या क्लासमधली. क्लासनंतर अमृततुल्यमध्ये चहा ठरलेला. निनादला चाकणच्या एका मोठ्या कारखान्यातून कॉल आला, मंगळवारी सकाळी अकरा वाजता.

अकराचा इंटरव्ह्यू, म्हणजे गेटवर साडेदहा. निनाद कोथरूडला राहतो. नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकण गाठायचं, तेही सकाळच्या गर्दीत आणि दुचाकीवर. म्हणून तो पावणेनऊला निघणार होता. एकदा हेल्मेट चढलं की फोन खिशात. गेटवर पोचला की फोन जमा. म्हणजे अकराच्या इंटरव्ह्यूसाठी मुक्ताच्या हातात वेळ उरला तो सकाळी साडेसात ते सव्वाआठ. त्याआधी पाठवलं तर तो अंघोळ-चहाच्या गडबडीत. सव्वाआठनंतर पाठवलं तर बुटाची लेस बांधताना फोन वाजणार, आणि एका हातात फाइल धरून तो वाचणार.

आदल्या रात्री पाठवावं का? ज्याला परीक्षेच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, त्याला रात्रीचा मेसेज देऊ नका. त्यावरून गप्पा सुरू होतात, एकाचे दहा मेसेज होतात आणि साडेबारा वाजतात. तरीही रात्रीच पाठवायचा असेल तर जेवणाच्या सुमारास पाठवा, साडेनऊच्या आत.

*तपासा:* निघण्याच्या वेळेआधी किमान अर्धा तास मोकळा राहतोय ना? नसेल तर सकाळचं सोडा, आदल्या संध्याकाळी पाठवा.

टप्पा ४: आधी शुभेच्छा लिहा, छेड नंतर

पहिली ओळ साधी आणि स्वच्छ हवी. कारण ती लॉक स्क्रीनवर दिसते. सकाळी फोन चार्जिंगला ओट्याशेजारी किंवा टीव्हीखाली असतो, आणि स्क्रीन उजळली की सगळ्यात आधी आई बघते. पहिली ओळ तिच्या डोळ्यांसमोर गेली तरी चालेल अशी लिहा. गोड ओळ दुसरी किंवा तिसरी.

शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यातले ठेवा. ‘हार्दिक शुभेच्छा’ निमंत्रणपत्रिकेसारखं वाटतं. एरवी ‘ऑल द बेस्ट’ म्हणत असाल तर तेच लिहा. ‘फोडून ये’ म्हणत असाल तर तेही चालेल. एरवी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत असाल तर तसंच करा. एकदम शुद्ध देवनागरी आली की माणसाला वाटतं, आज काहीतरी खास आहे. अहो-जाहोचं नातं असेल तर आज ‘तू’वर उतरू नका. तो बदल फार मोठा असतो, आणि त्याचा विचार करायला आज त्यांना सवड नाही.

शुभेच्छेला लागूनच एक वाक्य असं हवं की ज्यात समोरच्याच्या तयारीचा तुम्ही स्वतः बघितलेला पुरावा असेल. ‘तुझं होणारच’ ह्याला वजन नाही, उलट दडपण येतं: नाही झालं तर हिलाही तोंड दाखवायचं. ‘तू परवा जे समजावलंस ते मला समजलं’ ह्याला वजन आहे, कारण ते घडून गेलेलं आहे आणि कुणी नाकारू शकत नाही.

मुक्ताकडे असा पुरावा होता. दोन रविवारांपूर्वी चहाच्या बिलाच्या पाठीमागे निनादने तिला भोक आणि त्यात बसणारा दांडा कसा जुळवतात ते काढून दाखवलं होतं. H7/g6 म्हणजे दांडा सहज सरकेल इतकी बारीक फट. H7/p6 म्हणजे दांडा भोकापेक्षा किंचित जाड, दाबून बसवायचा, बसला की सहजी निघत नाही. बँकेतल्या मुलीला हे पाच मिनिटांत समजलं होतं. इंटरव्ह्यूतही त्याला नेमकं हेच विचारणार होते.

टप्पा ५: छेड एकच, जुन्या आठवणीतून

छेड कुठून काढायची, ह्यावर लोक फार डोकं खाजवतात आणि शेवटी कुठून तरी तयार शायरी उचलतात. ती वापरू नका, कारण ती कुणालाही पाठवता येते. छेड अशी हवी की ती फक्त ह्याच माणसाला कळेल. ती दोघांनी मिळून अनुभवलेल्या एखाद्या लहानशा गोष्टीतून येते, नाहीतर आपल्याकडच्या सवयींतून. घरून निघताना हातावर दही-साखर मिळते, ‘जातो’ म्हणायचं नसतं, ‘येतो’ म्हणायचं असतं, नवीन कपड्यात कुणी फार छान दिसलं तर तीट लावतात. ‘दही-साखर काकूंनी दिलीच असेल, चहा माझ्याकडून’ यात जवळीक आहे, मागणी नाही. ‘तो निळा शर्ट घालणार असलास तर तीट लावून जा’ हेही गोड आहे, मात्र शर्टाचं कौतुक आधी कधी झालेलं असेल तरच.

दिसण्याबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते. ‘तुला बघूनच घेतील’, ‘पॅनल फिदा होणार’ असलं काही लिहू नका, विशेषतः मुलीला. तिने महिनाभर अभ्यास केलाय. नोकरी चेहऱ्यावर मिळेल असं तुम्ही तिला त्याच सकाळी सांगताय. तिला ते कौतुक वाटत नाही, आणि माझ्याकडच्या मुलींनी हे स्पष्ट बोलून दाखवलंय.

मुक्ताने तीन वेळा लिहिलं. तिन्ही वाचून बघा.

पहिला खर्डा:

> गुड मॉर्निंग! झोप लागली का? टेन्शन नाही ना? आज खूप हँडसम दिसत असशील. तुझंच सिलेक्शन होणार, मला पूर्ण खात्री आहे. झालं की लगेच फोन कर, मी वाट बघतेय!

ह्यात दोन प्रश्न आहेत, म्हणजे दोन उत्तरं द्यायची. ‘टेन्शन नाही ना?’ विचारलं की नसलेलं टेन्शन आठवतं. ‘लगेच फोन कर’ हे वरून एक काम. शिवाय ह्यात निनाद कुठेच नाही, हा मेसेज कुणालाही जाऊ शकतो.

दुसरा खर्डा:

> ऑल द बेस्ट निनाद. H7/p6, बसलं की निघत नाही, असं म्हणाला होतास ना? माझंही तसंच काहीसं झालंय बघ.

मला हा वाचून खरंच हसू आलं. कल्पना फार सुंदर आहे, आणि ती त्याला नेमकी पोचली असती. म्हणूनच त्या सकाळी नको. ही कबुली आहे. ती वाचल्यावर निनाद मोशीच्या सिग्नलला उभा राहून दांडा-भोकाचा नाही, मुक्ताचा विचार करणार. आणि पॅनलने H7/p6 विचारलं तर उत्तराच्या आधी हा मेसेज आठवणार. जो विषय आत विचारला जाणार आहे, त्यावर प्रेमाची कोटी करू नका. हे वाक्य तिने जपून ठेवावं असं मी सांगितलं. त्याचा दिवस वेगळा.

तिसरा, जो गेला:

> ऑल द बेस्ट निनाद! चहाच्या बिलावर तू जे समजावलंस ते माझ्यासारख्या कॉमर्सवालीला पाच मिनिटांत कळलं, त्यांना तर कळेलच.
> ते बिल मी अजून जपून ठेवलंय, बरं का.
> उत्तर नको देऊस, नीट जा. रविवारचा चहा माझ्याकडून.

पहिल्या दोन वाक्यांत शुभेच्छा आणि पुरावा. छेड फक्त मधली ओळ: बिल जपून ठेवलंय. कुणी साध्या चहाचं बिल जपून ठेवत नाही, हे निनादला कळणार. पण त्यावर त्याला काही ठरवायचं नाहीये, नुसतं हसून खिशात टाकायचंय. शेवटच्या ओळीत उत्तरातून सुटका आहे, आणि चहा नेहमीच्याच रविवारचा आहे, नवीन बोलावणं नाही. निकाल काहीही लागो, तो चहा होणारच, हेही त्यात न सांगता आलं.

टप्पा ६: पाठवण्याआधी मोठ्याने वाचा

नोट्समध्ये लिहा, चॅटमध्ये नाही. तुम्ही दहा मिनिटं खोडत बसलात आणि समोर चॅट उघडं असलं, तर तिथे ‘टायपिंग’ दिसत राहतं. मग मोठ्याने एकदा वाचा आणि एवढं बघा:

- प्रश्नचिन्ह आहे का? असेल तर ते वाक्य काढा.
- ‘मी’ किती वेळा आलंय? छेडीच्या ओळीत एकदा चालेल.
- पहिली ओळ आईने वाचली तरी चालेल का?
- लाल बदाम आधी कधी पाठवलाय का? नसेल तर आजही नको.
- लांबी तीन-चार ओळींच्या आत आहे का?

शेवटी वरचं नाव वाचा. ग्रुपमध्ये तर जात नाहीये ना? ऑफिसच्या चॅटवर, म्हणजे टीम्स किंवा स्लॅकवर, हा मेसेज कधीही टाकू नका. तो कंपनीचा आहे, आणि तुम्ही दोघं एकाच ऑफिसात असाल तर समोरच्याचा इंटरव्ह्यू तुम्हीच जाहीर केलात असं होईल.

टप्पा ७: पाठवला, आता हात मागे

शुद्धलेखनाची चूक दिसली तर व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो, आणि त्याची नवी सूचना समोर वाजत नाही. डिलीट मात्र करू नका. पुसलेल्या मेसेजची खूण चॅटमध्ये राहते, आणि ‘काय लिहिलं होतं?’ हा प्रश्न एखाद्या बावळट ओळीपेक्षा कितीतरी जास्त छळतो. जीव खाली-वर झाला तरी गेलेला मेसेज राहू द्या.

निळ्या टिका आल्या, उत्तर नाही आलं. हेच तुम्ही सांगितलं होतं. ‘वाचलंस ना?’ हा दुसरा मेसेज पहिल्याची सगळी मेहनत वाया घालवतो. त्या सकाळी फोन नको, आणि गूढ स्टेटस तर नकोच, कारण ते आपल्यासाठीच आहे हे समोरच्याला बरोबर कळतं.

*उत्तर लगेच आलं तर:* एक ओळ, आणि निरोप. निनादने आठ दहाला लिहिलं, “बिल?? कुठलं बिल 😄”. मुक्ताचे हात शिवशिवत होते. तिने लिहिलं, “रविवारी दाखवेन. निघ आता.” तिने संभाषण मिटवलं, म्हणून तो वेळेवर निघाला.

टप्पा ८: इंटरव्ह्यूनंतर

‘कसा झाला?’ हा प्रश्न त्या दुपारी घरचे, मित्र, सगळेच विचारतात. तुम्ही थोडं थांबा. संध्याकाळपर्यंत स्वतःहून काही आलं नाही तर ‘पोचलास का घरी?’ एवढंच. चांगला गेला असेल तर सांगितल्याशिवाय राहवणार नाही. खराब गेला असेल तर सांगायचं की नाही हे त्याच्या हाती राहतं.

खराब गेल्याचं कळलं तर छेड त्या दिवसापुरती बंद. ‘त्यांचंच नुकसान’ किंवा ‘जे होतं ते चांगल्यासाठी’ हे दोन्ही टाळा. कुठला प्रश्न अडला ते विचारा आणि ऐकून घ्या. ज्याला तो प्रश्न पुन्हा पुन्हा आठवतोय, त्याला तो कुणाला तरी सांगायचा असतो.

आणि तुमच्या गोड ओळीबद्दल पुढे काहीच आलं नाही तर? शुभेच्छांना ‘थँक्यू’ आलं, चहाचं, बिलाचं नाव नाही. दोन-तीन दिवस वाट बघा, कारण इंटरव्ह्यूनंतर माणूस थकलेला असतो. त्यानंतर भेट झाली आणि तरीही ती ओळ हवेतच राहिली, तर ते उत्तर समजा. ‘त्या मेसेजमध्ये मी म्हटलं होतं ना…’ असं उकरून काढू नका. साधं बोला, पूर्वीसारखं.

निनादला त्या कारखान्यातून दुसऱ्या राउंडचा कॉल आला नाही. रविवारी तो चहाला आला, आणि बसल्या बसल्या त्याने हात पुढे केला: “दाखव बिल.” मुक्ताने पर्समधून काढून दिलं. त्याने ते उलटं करून बघितलं आणि पेन मागितलं. p6ची आकृती घाईत थोडी चुकीची काढली होती, ती त्याने दुरुस्त केली आणि बिल तिला परत दिलं.